डोळ्यांवरून वय: बुबुळाभोवतीचं पांढरट कडं आणि पिवळं पडलेलं भिंग किती खरं सांगतात?

ओंजळ

मी निराधार वृद्धांच्या एका निवाऱ्यात काम करते. आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक गृहस्थ आले. स्वतःचं नाव सांगतात, आईचं नाव सांगतात, पण वय विचारलं की "असेन पन्नाशीचा" एवढंच. कागद एकही नाही. तोंडात चार दात उरलेत, त्यांवरून काही सांगता येणार नाही असं दंतवैद्य म्हणाले. अर्जावर जन्मवर्ष लिहायचं आहे, आणि ते साठीच्या अलीकडे आहेत की पलीकडे यावर त्यांना काय मिळेल आणि काय नाही ते ठरणार आहे.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काळ्या बुबुळाच्या कडेने राखाडी-पांढरं कडं आहे. बॅटरीच्या उजेडात बाहुली काळी दिसत नाही, चहाच्या रंगाची दिसते. एक सहकारी म्हणतो, एवढं गोल कडं म्हणजे सत्तरी. दुसरी म्हणते, मुळीच नाही, कारण ते चष्म्याशिवाय वर्तमानपत्रातलं बारीक टायपाचं सगळं वाचतात. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला चाळिशी लागत नाही असं कसं होईल?

मलाही हा दुसरा मुद्दा पटतो. इथे डोळ्यांचं कळणारं कुणी आहे का? या दोन खुणांवरून खरंच वय काढता येतं?

मध्यरेषा

येतं. आम्हाला शिकवलं होतं की चाळिशीनंतर कडं दिसायला लागतं आणि साठीला पूर्ण गोल होतं. तुमच्या माणसाचं गोल पूर्ण असेल तर साठीच्या वर, संपला विषय. कडं म्हणजे कोलेस्टेरॉल. रक्तातली चरबी बुबुळाच्या कडेला साचत जाते.

पायवाट

हे वाचून घाबरलो. माझं वय ३२ आणि माझ्या डोळ्यांत असं कडं आहे. बायकोने लग्नानंतर दाखवून दिलं, तोवर मला माहीतही नव्हतं. म्हणजे माझे डोळे लवकर म्हातारे झाले का? नजर उत्तम आहे. यावर काही थेंब मिळतात का?

नेत्रपल्लवी

पायवाट, तुमचं आधी, कारण ते थांबण्यासारखं नाही. थेंबांची गरज नाही, कड्याने नजरेला काही होत नाही. पण ३२ व्या वर्षी कडं दिसणं ही डोळ्याची नव्हे, रक्ताची गोष्ट असू शकते. उपाशीपोटी लिपिड तपासून घ्या, याच आठवड्यात. घरात कुणाला लहान वयात हृदयविकार झाला होता का?

आता ओंजळ. मी चष्म्याचे नंबर काढण्यात आणि मोतीबिंदूचे डोळे तपासण्यात बावीस वर्षं घालवली आहेत, त्यामुळे तुमच्या गृहस्थांबद्दल वाचून चैन पडेना. उत्तर देण्याआधी दोन गोष्टी बघून सांगाल?

एक, कडं खरोखर पूर्ण आहे का. वरची पापणी बोटाने हलकेच उचला. बहुतेक जण खालची कमान बघतात, वर पापणीआड काय आहे ते बघतच नाहीत, आणि "पूर्ण गोल" म्हणून मोकळे होतात. हे कडं खाली आणि वर कमानीसारखं सुरू होतं, डाव्या-उजव्या बाजूंना सर्वांत शेवटी मिटतं. कडं आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्यामध्ये केसाएवढी स्वच्छ पट्टी दिसते का, तेही बघा. वयाचं कडं असेल तर ती दिसतेच.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. ते वर्तमानपत्र डोळ्यांपासून नेमकं किती अंतरावर धरतात? मोजपट्टी लावा. मग तोच मजकूर हळूहळू जवळ आणा, नंतर लांब न्या, आणि कुठे धूसर होतो ते टिपा. शिवाय समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यांना दिसतं का?

मध्यरेषा

वाचण्याचं अंतर आणि वय यांचा काय संबंध? चष्मा नाही म्हणजे भिंग तरुण आहे, एवढं पुरेसं नाही का?

नेत्रपल्लवी

तिथेच तर भलेभले फसतात. आधी अंतरं येऊ द्या.

मोत्याची आई

मी भटक्या कुत्र्यांचं काम करते. सहा-सात वर्षांच्या पुढच्या कुत्र्यांच्या बाहुलीत निळसर धूसरपणा येतो आणि लोक मोतीबिंदू समजून घेऊन येतात. बहुतेकदा तो मोतीबिंदू नसतो, भिंगाचा गाभा दाट झालेला असतो आणि कुत्र्याला व्यवस्थित दिसत असतं. आम्ही दात आणि हा निळेपणा दोन्ही बघून अंदाज बांधतो. "तीन वर्षांचा नाही, सातच्या पुढचा आहे" एवढं छातीठोक सांगता येतं. नऊ की अकरा, ते नाही. माणसांतही तसंच असावं.

कोरा कागद

मध्यरेषा यांनी सांगितलेलं वाक्य मीही पाठ केलं होतं, आणि त्याच वाक्याने माझी एकदा फार मोठी चूक झाली. शवचिकित्सा हे माझं काम.

नोकरीच्या सुरुवातीला एक अनोळखी मृतदेह आला होता. केस पिकलेले, अंगाने वाळलेला पुरुष, दोन्ही डोळ्यांत पूर्ण कडं. मी वयाच्या रकान्यात "६० च्या वर" लिहिलं. त्या वयाचे बेपत्ता लोक शोधले गेले, कुणीच जुळेना. सात आठवड्यांनी वेगळ्याच धाग्यावरून ओळख पटली. वय ४३. घरच्यांकडून कळलं की त्याच्या दोन भावांना चाळिशीच्या आतच हृदयविकाराचा झटका आला होता. चरबीचा आजार घराण्यातच होता आणि कडं त्या आजाराचं होतं. सात आठवडे त्याची आई वाट बघत होती. तेव्हापासून मी कड्यावरून एकट्याने काहीही लिहिलेलं नाही.

पुस्तकातलं वाक्य खोटं नाही. ते गर्दीबद्दल खरं आहे. ऐंशीच्या पुढच्या माणसांत कडं जवळजवळ सगळ्यांनाच असतं. पण उलटं वाचलं की ते मोडतं. कडं आहे म्हणून माणूस म्हातारा, असं म्हणता येत नाही. आणि साठीतही अजिबात कडं नसलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

मृतदेहात आणखी एक अडचण असते. डोळे उघडे राहिले असतील तर काही तासांतच बुबुळ कोरडं पडून मळकट होतं. मग कडं कुठलं आणि मृत्यूनंतरचा धूसरपणा कुठला हे कळत नाही. ओंजळ, तुमचा माणूस समोर बसून बोलतो आहे, ही फार मोठी सोय आहे.

मध्यरेषा

हे मला माहीत नव्हतं. माझं "संपला विषय" मागे घेतो. पण मग कडं बघायचंच कशाला?

नेत्रपल्लवी

बघायचं, पण त्याचं वजन कमी धरायचं. कड्यातली चरबी बुबुळाच्या काठाजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपून आत साचते. म्हणजे ते साचणं वय, रक्तातली चरबी आणि त्या वाहिन्या या तिघांवर अवलंबून. पुरुषांत लवकर दिसतं, बायकांत उशिरा. एकाच डोळ्यात असेल तर मी वयाचा विचार बाजूला ठेवते आणि मानेतल्या रक्तवाहिन्या तपासायला सांगते. ज्या बाजूला कडं *नाही*, त्या बाजूचा रक्तप्रवाह अडलेला असू शकतो. सांगायचा मुद्दा, या घड्याळाला तीन जण किल्ली देतात.

भिंगाचं तसं नाही. त्याला रक्तवाहिनीच नाही. जन्मापासून त्यावर बाहेरून थर चढत राहतात आणि जुना थर कधी झडत नाही, आत आत दाबला जातो. त्वचा झडते, केस गळतात, भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं मात्र आईच्या पोटात असताना बनलेली तीच राहतात. म्हणून भिंग वर्षागणिक जाड, ताठ आणि पिवळं होत जातं. ताठ होतं म्हणून जवळचं बघताना फुगत नाही, आणि आपण म्हणतो चाळिशी लागली.

ओंजळ

मोजलं. सावकाश, तीनदा.

पापणी उचलली. वर कमान आहे, खाली जाड कमान आहे, पण कानाकडच्या बाजूला दोन्ही डोळ्यांत थोडी मोकळी जागा आहे. म्हणजे पूर्ण गोल नाही. तुम्ही म्हणता ती स्वच्छ पट्टी दिसली.

अंतर: मजकूर २८ ते ३० सेंटीमीटरवर स्पष्ट. २० वर आणला की धूसर. ४५ वर नेला की पुन्हा धूसर. भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे आकडे ओळखता येत नाहीत. मी आजवर समजत होते की ते बघायचा कंटाळा करतात. आणखी एक, परवा काळा मोजा आणि गडद निळा मोजा जोडीने घालून बसले होते.

विचारलं, पूर्वी चष्मा होता का? म्हणाले, "वाचायला होता. मग नजर परत आली, फेकून दिला."

नेत्रपल्लवी

"नजर परत आली!" हे वाक्य ऐकायला मिळेल असं पहिल्याच दिवशी वाटलं होतं.

मध्यरेषा, आता बघा. तरुण भिंग मजकूर १५ सेंटीमीटरवरही वाचतं, ५० वरही वाचतं आणि भिंतही बघतं. याचा पल्ला लांब असतो. ओंजळ यांच्या गृहस्थांचा पल्ला दोन बोटांएवढा आहे. त्यांचं भिंग अंतर बदलतच नाही, एका जागी अडकून बसलं आहे. ती जागा नेमकी वाचायच्या अंतरावर आली, म्हणून चष्मा लागत नाही.

ती तिथे आली कशी? भिंगाचा गाभा दाट होत गेला की तो प्रकाश जास्त वाकवतो आणि डोळ्याला उणे नंबर येतो. २९ सेंटीमीटर म्हणजे साधारण उणे ३.५. लांबचं बिघडतं, जवळचं चष्म्याशिवाय दिसू लागतं, आणि माणूस खूश होतो. प्रत्यक्षात तो गाभ्याच्या मोतीबिंदूचा सुरुवातीचा टप्पा असतो. निळ्या-काळ्याचा घोळही त्यातलाच, पिवळं भिंग निळा उजेड अडवतं.

म्हणजे तुमच्या सहकारी ज्याला तरुणपणाचा पुरावा समजत होत्या, तो उलट्या बाजूचा पुरावा आहे. पण एक शंका उरते. काही माणसांना लहानपणापासूनच उणे नंबर असतो. त्यांनाही म्हातारपणी असंच जवळचं दिसतं, भिंग फारसं पिकलेलं नसलं तरी. "वाचायला चष्मा होता" हे त्याच्या विरुद्ध जातं, पण आठवणीवर विसंबू नका. तपासणीला न्या आणि डोळ्याची लांबी मोजायला सांगा. मोतीबिंदूच्या आधी ती मोजतातच.

पायवाट

रिपोर्ट आला. एकूण कोलेस्टेरॉल ३१८, एलडीएल २४०. वडील ४६ व्या वर्षी झोपेतच गेले होते. आम्ही ते नशीब समजत होतो.

कोरा कागद

पायवाट, हृदयविकारतज्ज्ञांकडे जा आणि घराण्यातल्या उच्च कोलेस्टेरॉलबद्दल स्पष्ट विचारा. एलडीएल १९० च्या वर असेल तर तो विचार करतातच. सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणीही करून घ्या, प्रत्येकाला तो दोष येण्याची शक्यता निम्मी असते. औषधं चांगली आहेत. तुमच्या वडिलांच्या वेळी कुणी त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं असतं तर, असं वाटून गेलं.

पायवाट

बहिणीला आजच फोन केला.

ओंजळ

तपासणी झाली. डॉक्टरांनी मला बाजूला बसवून सगळं दाखवलं. दोन्ही डोळ्यांना लांबचा नंबर उणे ३.५. तो चष्मा घातल्यावर कॅलेंडर बरंच दिसलं, पण वर्तमानपत्र पूर्ण धूसर. मग मोठा मजकूर लांबून जवळ आणत गेले, तर साधारण एक मीटरच्या आत काहीच स्पष्ट राहीना. डोळ्याची लांबी २३.२ मिलिमीटर. भिंगाचा गाभा पिवळट तपकिरी, डाव्यात जास्त. साखर नॉर्मल. स्टेरॉइड घेतल्याचं किंवा डोळ्याला मार लागल्याचं काही सापडलं नाही.

आता यातून वय कसं काढायचं?

नेत्रपल्लवी

लांबी २३.२ म्हणजे सर्वसाधारण डोळा. जन्मभराचा उणे ३.५ असता तर डोळा मिलिमीटरभर तरी लांब निघायला हवा होता. तेव्हा नंबर भिंगातूनच आला, शंका मिटली.

आता पल्ला. लांबचा चष्मा घालून एक मीटरपर्यंतच स्पष्ट, म्हणजे जवळचं बघण्यासाठी फुगण्याची भिंगाची ताकद १ डायॉप्टर, चष्म्याचा नंबर मोजतात त्याच मापात. लहान मुलात ती पंधराच्या आसपास असते आणि पुढे दरवर्षी थोडी थोडी उतरते. वयानुसार कमीत कमी किती असावी यासाठी आम्ही एक जुना हिशोब वापरतो: १५ मधून वयाचा पाव भाग वजा करायचा. ४० व्या वर्षी ५ उरतात, ५० व्या वर्षी अडीच, ५६ व्या वर्षी १. हा सर्वांत दुबळ्या निरोगी डोळ्याचा हिशोब आहे. सरासरी डोळ्यात त्या त्या वयाला याहून जास्तच ताकद असते आणि ती एकवर यायला आणखी दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून मी लिहीन: ५५ च्या खाली असणं फार अवघड. "पन्नाशीचा असेन" हे त्यांचं डोळ्याला पटत नाही.

पण साठीच्या आसपास हे घड्याळ बंद पडतं. पल्ला संपला की संपला, ६० ला तेवढाच आणि ८० लाही तेवढाच. त्यापुढे भिंगाचा रंग उरतो, आणि तो ऊन, तंबाखू, साखर यांनी पुढे-मागे होतो. सारख्याच तपकिरी भिंगाचे ५८ चेही पाहिलेत आणि ७५ चेही.

मध्यरेषा

एक आक्षेप. तो हिशोब निरोगी भिंगाचा आहे असं तुम्हीच म्हणता. यांचं भिंग तर मोतीबिंदूकडे गेलंय. समजा ५१ वर्षांच्या माणसाचा गाभा काही कारणाने लवकर पिकला, तर पल्लाही लवकर जाणार नाही का?

नेत्रपल्लवी

जाईल. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. दोन्ही डोळ्यांत सारखी वाढ, साखर नाही, स्टेरॉइड नाही, मार नाही, दोन्हीकडे जवळजवळ मिटलेलं कडं. हे सगळं एकत्र धरून मी ५५ म्हणते. ५१ अशक्य आहे असं शपथेवर नाही सांगणार.

अर्धायुष्य

डोळ्यांतलं मला काही कळत नाही, मी किरणोत्सर्ग मोजण्याच्या कामात आहे. पण गाभ्यातली प्रथिनं जन्माच्या वेळचीच राहतात हे वाचून राहवेना, कारण याच गोष्टीचा उपयोग झालेला आहे. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हवेत जे अणुस्फोट झाले, त्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. हवेतल्या अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर तो उतरत गेला. त्या काळात जन्मलेल्याच्या भिंगाच्या गाभ्यात त्या त्या वर्षाच्या हवेची खूण अडकून बसते. २००८ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या भिंगांवरून जन्मवर्षं अशी काढून दाखवली. ग्रीनलंड शार्कचं वय काढायलाही २०१६ मध्ये हीच युक्ती वापरली, आणि सर्वांत मोठ्या माशाचं वय ३९२ वर्षं आलं, १२० वर्षं इकडे-तिकडे धरून.

तुमच्या गृहस्थांचा जन्म १९५० चा असेल तर गाभ्यात जुनी, कमी पातळी मिळेल. १९६५ च्या आसपासचा असेल तर शिखराजवळची. दोहोंत गल्लत व्हायची नाही. मोतीबिंदू काढतील तेव्हा ते भिंग ठेवून घ्या!

नेत्रपल्लवी

कल्पना वाचून अंगावर काटा आला. यंत्राने फोडून शोषून घेतात त्या शस्त्रक्रियेत सगळे थर एकत्र कालवले जातात, तिथे तुमचं मोजमाप बिघडेल. हाताने करतात त्या लहान छेदाच्या शस्त्रक्रियेत गाभा अखंड बाहेर येतो. पण त्यातही मधला कणच जन्माच्या वेळचा, भोवती नंतरचे थर. तो वेगळा काढावा लागेल.

कोरा कागद

आणि वर चढताना व खाली उतरताना एकच पातळी दोनदा येते, म्हणजे १९६२ की १९७० च्या दशकाचा मध्य असा पेच पडू शकतो. शिवाय त्यांची संमती लागेल. मी अशा अहवालावर जिवंत माणसाच्या कागदात वर्ष लिहिलेलं पाहिलेलं नाही. कुणी स्वीकारेल का, सांगता येत नाही.

अर्धायुष्य

पेच खरा आहे. पण डोळ्याचा पल्ला ५५ च्या वर म्हणतो आहे. तो धरला तर उतरतीवरची उशिराची वर्षं बरीचशी गळतात. दोन घड्याळं एकमेकांना धरून चालतील.

ओंजळ

डॉक्टरांनी लेखी दिलं: "५५ वर्षांपेक्षा कमी वय संभवत नाही असे दिसते. कमाल वय डोळ्यांच्या तपासणीवरून सांगता येत नाही." अर्ज घेणाऱ्यांना एकच आकडा हवा आहे. त्यांच्याशी बोलणं चालू आहे, साठीचा प्रश्न अजून तसाच लोंबकळतो आहे. भिंग ठेवून घेण्याबद्दल त्यांना विचारलं. म्हणाले, "माझ्या आत माझं वर्ष लिहिलंय होय? मग बघा की." पण ते करणारं कुणी अजून मिळालेलं नाही.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली.

नेत्रपल्लवी

ओंजळ, एक विसरू नका. नवं भिंग बसवताना सहसा लांबचं स्पष्ट दिसेल असा नंबर निवडतात. तसं केलं तर त्यांचं चष्म्याशिवाय वाचणं जाईल, आणि ते कुणी आधी सांगितलं नाही तर त्यांना वाटेल नजर गेली. उणे अडीचच्या आसपास ठेवायला सांगता येतं. मग वाचन चष्म्याशिवाय आणि लांबच्याला चष्मा. पण त्यांना विचारून.

ओंजळ

विचारलं. खिडकीकडे तोंड करून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लांबचं मला काय बघायचंय? वाचता आलं पाहिजे." डॉक्टरांना तसं कळवलं आहे.